लाईव्हवर इरकल विकताना काय बोलावं?

मोबाईलवर लाईव्ह येऊन साड्या विकणाऱ्या बायका आता प्रत्येक गावात दिसतात. बोलायला त्या घाबरत नाहीत, पण बऱ्याचदा दहा मिनिटांत बोलणं संपतं, मग "छान आहे ना, खूप सुंदर आहे ना" एवढंच उरतं. बघणारी पुढे सरकते. म्हणून आज आपण एक पूर्ण लाईव्ह कागदावर लिहून काढू. साडी घेऊ इरकल, कारण तिच्यात दाखवण्यासारखं पुष्कळ आहे आणि फसवाफसवीलाही तिच्यात जागा आहे.

समजा तुमच्याकडे बारा इरकल आहेत आणि वेळ पंचेचाळीस मिनिटांचा. सुरुवातीला तीन मिनिटं, प्रत्येक साडीला तीन मिनिटं म्हणजे छत्तीस, आणि शेवटी सहा मिनिटं राहिलेल्या प्रश्नांना. याहून जास्त साड्या मांडल्या की घाई होते आणि पदर धड दिसत नाही. सुरुवातीच्या तीन मिनिटांत नमस्कार, आज काय आहे, आणि साडी राखून ठेवायची पद्धत, एवढंच सांगा. मागाहून येणाऱ्या बायका असतात, तेव्हा ही पद्धत दर तीन-चार साड्यांनंतर एका वाक्यात पुन्हा सांगावी लागते.

आता एका साडीची तीन मिनिटं बघू. पहिली वीस सेकंद नंबर आणि रंगाची. "साडी नंबर सात. रंग चिंतामणी. तुमच्या फोनवर ती निळी दिसत असेल, हातात घेतली की जांभळ्याकडे झुकते." हे वाक्य आम्ही मुद्दाम लिहून ठेवायला सांगतो. ट्यूबलाईटच्या उजेडात कॅमेरा रंग बदलतो, लाल तर भडक करून टाकतो. रंग वेगळा आला म्हणून परत येणारी साडी टाळायची तर आधीच दुपारी खिडकीपाशी प्रत्येक साडी बघा, मग रात्रीच्या दिव्यात फोनवर बघा, आणि फरक कागदावर टिपून घ्या. डाळिंबी, आमसुली, मोरपंखी अशी नावं बायकांना लगेच कळतात. नुसतं "डार्क कलर" म्हणून काही कळत नाही.

पुढची चाळीस सेकंद साडीचं अंग आणि काठ. साडी उलगडून एका पदरी धरा आणि तिच्यामागे हाताचा पंजा ठेवा. पंजा किती दिसतो यावरून कापड किती पातळ आहे हे बघणारीला न सांगता समजतं. काठ कॅमेऱ्याजवळ न्या आणि मनात पाच आकडे मोजा. फोनला नजर स्थिर करायला तेवढा वेळ लागतो.

मग पदर. इथे पन्नास सेकंद द्या, कारण इरकलची ओळखच पदर आहे: लाल, त्यात पांढरी नक्षी. हातमागावरच्या पारंपरिक इरकलमध्ये अंगाचा उभा धागा वेगळा आणि पदराचा वेगळा असतो, आणि विणकर त्या दोन्हींचे धागे एकमेकांत अडकवून जोडतो. साहजिकच पदराच्या टोकाच्या दशा लाल निघतात, अंग कुठल्याही रंगाचं असो. यंत्रमागाच्या साडीत अंगाचाच उभा धागा पदरात पुढे जातो आणि लाल रंग फक्त आडव्या धाग्याचा असतो. म्हणून साडी हिरवी असेल तर मधल्या भागातल्या दशा हिरव्या दिसतात, आणि पदराच्या लालातही अंगाच्या रंगाची झाक येते. हे लाईव्हवर सहज दाखवता येतं: दशा बोटांवर पसरा, मागे पांढरा कागद धरा. अंगच लाल असेल तर मात्र या खुणेचा उपयोग नाही.

यंत्रमागाची साडी विकण्यात गैर काही नाही. ती स्वस्त पडते, रोजच्या नेसण्याला चालते. पण लिहिताना तिच्यापुढे ठळक लिहा: "ही यंत्रमागाची." बोलण्याच्या ओघात "अस्सल हातमाग" तोंडातून निघून गेलं, तर तो व्हिडिओ गिऱ्हाइकाकडे राहतो. पदर रेशमी म्हणतानाही तसंच. बऱ्याच साड्यांत तो कृत्रिम रेशमाचा असतो. दशेतला एक धागा घरी जाळून बघा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते, रेयॉन कागदासारखा जळतो. वास फोनमधून जात नाही, तेव्हा लाईव्हवर जाळून दाखवण्याचा खटाटोप नको. निकाल सांगा.

वीस सेकंद मापाची. टेप लावून दाखवा. सहावारी साधारण साडेपाच मीटर, ब्लाऊज पीस असेल तर ऐंशी सेंटिमीटर वेगळं. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास. तुमची साडी जेवढी भरेल तेवढीच सांगा.

शेवटी किंमत वीस सेकंद, आणि नंतर तीस सेकंद थांबणं. हे थांबणं फार महत्त्वाचं. तुम्ही बोललेलं बघणारीपर्यंत काही सेकंद उशिरा पोचतं, मग ती टाइप करते, मग ते तुमच्याकडे येतं. लगेच पुढची साडी उचलली तर सातचा प्रश्न आठवर येतो आणि गोंधळ होतो. थांबताना गप्प बसू नका: "नंबर सात, चिंतामणी, चोवीसशे रुपये" असं दोनदा म्हणत सावकाश घडी घाला. आठव्या साडीकडे तोवर हात नेऊ नका.

प्रश्न बहुतेक तेच ते येतात, म्हणून उत्तरं आधी लिहा. "ताई, रंग जातो का?" यासाठी आदल्या दिवशी पांढरा रुमाल ओला करून साडीवर दहा वेळा घासा. रंग लागला तर तो रुमालच दाखवा आणि म्हणा, "थोडा जातो, पहिली दोन धुणी वेगळी, गार पाण्यात." रुमाल दाखवल्यावर विक्री थांबेल असं वाटतं, पण परत येण्याच्या खर्चापेक्षा ते परवडतं. "कमी होईल का?" याला एकच उत्तर ठेवा आणि सगळ्यांना तेच द्या, कारण सगळ्याजणी ऐकत असतात. "हाताला खरखरीत लागते का?" याचं उत्तर खोटं देऊ नये. सुती इरकल नवीन असताना कांजीमुळे कडक असते, धुतल्यावर मऊ होते.

एकटीने विकणं आणि वाचणं दोन्ही जमत नाही. एक मैत्रीण किंवा जाऊ दुसऱ्या फोनवर संदेश वाचायला बसवा. मागचा कॅमेरा वापरला तर तुम्हाला स्क्रीन दिसत नाही, म्हणून ती नंबर मोठ्याने सांगेल. "बुक सात" असं जिचं पहिलं आलं तिचं नाव ती उच्चारेल, वहीत लिहील आणि तुम्ही तेच नाव कॅमेऱ्यासमोर म्हणाल. दोघींचं एकाच वेळी आलं तर तुमच्या दुसऱ्या फोनवर वर जे दिसतं ते धरायचं, हे आधीच जाहीर करा. पत्ता आणि फोन नंबर सर्वांसमोर लिहू नका असंही सांगा, ते खासगी संदेशात मागा.

पैशांचं एक. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बनावट असू शकतो, म्हणून बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्यावरच पार्सल बांधा. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी "पिन टाका, पैसे येतील" म्हणालं तर तिथेच बोलणं थांबवा.

लाईव्ह बंद झाल्यावर वही उघडा. कुठल्या साडीला कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा आला ते लिहा. तो प्रश्न पुढच्या वेळी साडीच्या तीन मिनिटांतच घाला, म्हणजे विचारायची वेळ येणार नाही.