गाडी कुणाची, हे आजच्या तारखेला विचारा

जुनी गाडी घ्यायची ठरली की आपण आधी मेकॅनिक शोधतो. तो बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, खालून गंज बघतो, एक चक्कर मारून येतो. मग भाव ठरतो, टोकन दिले जाते आणि कागदांची पाळी सगळ्यात शेवटी येते. तीही आरसीवरचे नाव आणि विमा चालू आहे की नाही एवढे बघण्यापुरती. हा क्रम उलटा हवा असे मला वाटते. इंजिनातला दोष पैसे टाकून दुरुस्त होतो. पण गाडीवर बँकेचा हक्क शिल्लक असेल किंवा विकणारा तिचा नोंदणीकृत मालकच नसेल, तर तो दोष गॅरेजमध्ये निघत नाही. शिवाय हातातली आरसी ज्या दिवशी छापली गेली त्या दिवसापुरतीच बोलते. त्यानंतर गाडीवर कर्ज काढले गेले असेल, तिच्यावर चलाने चढली असतील किंवा आरटीओने तिचे व्यवहार रोखले असतील, तर ते कार्डावर आपोआप उमटत नाही. म्हणून कागद आहेत का, एवढे विचारून भागत नाही. ते आजही खरे आहेत का, हे सरकारी नोंदीत बघावे लागते.

ही नोंद आता घरबसल्या दिसते. केंद्राच्या ‘वाहन’ प्रणालीतली माहिती एमपरिवहन अ‍ॅपवर किंवा parivahan.gov.in वर गाडीचा नंबर टाकून मिळते. मालकाचे नाव तिथे अर्धवट झाकलेले असते, पण नोंदणीची तारीख, फिटनेस आणि विम्याची मुदत, गाडी कितव्या मालकाकडे आहे आणि तिच्यावर कुणाचे कर्ज आहे का, हे कळते. ‘सिंगल ओनर’ म्हणून सांगितलेल्या गाडीपुढे दुसऱ्या मालकाचा आकडा दिसला, तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे. मात्र ही माहिती नंबरप्लेटची आहे, समोर उभ्या असलेल्या गाडीची नाही. हा दुवा आपणच जुळवायचा असतो. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला सतरा अक्षर-अंकांचा चेसिस नंबर आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघावा. तो कुठे कोरला आहे ते मॉडेलप्रमाणे बदलते. एजंट लोक त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात, त्याला चेसिस प्रिंट म्हणतात. आपणही तसाच ठसा घ्यावा. एखादे अक्षर बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरके उमटले, आजूबाजूचा पत्रा घासलेला वा नव्याने रंगवलेला दिसला, तर गाडी कितीही आवडली तरी सोडून द्यावी.

सगळ्यात जास्त घोळ कर्जाच्या नोंदीत होतो. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, तसा आरसीवर बँकेचा बोजा असतो. बाजारात त्याला ‘एचपी’ म्हणतात. हप्ते संपले म्हणून तो आपोआप उतरत नाही. बँकेने ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ द्यावा लागतो आणि तो आरटीओत नोंदवला जावा लागतो. कितीतरी मालक शेवटचा हप्ता भरतात, बँकेचे पत्र कपाटात ठेवतात आणि विसरतात. या पत्राची मुदत बहुधा तीन महिन्यांची असते. गाडी विकायला काढेपर्यंत ते शिळे झालेले असते आणि बँकेकडून नवे आणावे लागते. मधल्या काळात बँकच उरली नसेल तर आणखी पंचाईत होते. देना बँक १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. तिच्या नावाचा बोजा असेल तर सही आता बडोदाच्या शाखेतून यायला हवी. ‘लोन कधीच फिटले आहे’ हे विकणाऱ्याचे म्हणणे खरे असू शकते, पण बोजा त्याच्या सांगण्याने उतरत नाही. त्याने दाखवलेले पत्र खरे आहे का, हे पत्रावर छापलेल्या फोनवर विचारू नये. शाखेचा नंबर स्वतः शोधून, कर्जखात्याचा क्रमांक सांगून खात्री करावी.

कर्ज अजून चालू असेल तर? विकणारा म्हणतो, ‘तुम्ही पैसे दिल्याशिवाय मी लोन कसे फेडू?’ हा प्रश्न रास्त आहे. त्यामुळे अशी गाडी घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. पैशाची वाट मात्र बदलावी. समजा पुण्यातली एमएच १२ पासिंगची गाडी ४,५०,००० रुपयांना ठरली आहे. विकणाऱ्याने बँकेतून मुदतपूर्व परतफेडीचे पत्र आणले, त्यात अमुक तारखेपर्यंत १,६२,४०० रुपये भरायचे आहेत असे लिहिले आहे. आधी लेखी करार करावा, फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या आपल्यासमोर घ्याव्यात, आणि मग हे १,६२,४०० रुपये थेट कर्जखात्यात भरावेत. ते विकणाऱ्याच्या हातात जाता कामा नयेत. उरले २,८७,६००. त्यातले ५०,००० रुपये बोजा उतरून गाडी नावावर होईपर्यंत राखून ठेवायचे, हे करारातच लिहावे. बाकी रक्कम गाडी ताब्यात घेताना द्यावी. या मार्गातही जोखीम उरते. कर्ज फिटल्यावर विकणारा फिरला तर करार आणि बँकेची पावती एवढाच आपला आधार असतो. पण साडेचार लाख देऊन तो बँकेत जाईल की नाही याची वाट बघत बसण्यापेक्षा ही जोखीम खूप लहान आहे.

दंडाचे गणित रकमेने छोटे असते, पण त्यात वेळेचा मुद्दा आहे. ई-चलान कॅमेऱ्यात दिसलेल्या नंबरावर निघते, चालवणाऱ्याच्या नावावर नाही. महाराष्ट्रातली चलाने mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबराचे शेवटचे चार अंक टाकून दिसतात. गाडी गोवा-कर्नाटकात फिरलेली असेल तर echallan.parivahan.gov.in हेही बघावे. टोकन देताना एकदा आणि उरलेले पैसे देण्याच्या दिवशी पुन्हा एकदा बघावे, कारण मधल्या दिवसांतही विकणारा गाडी चालवत असतो आणि काही चलाने उशिरा चढतात. म्हणूनच ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहावी. दुपारी चारनंतरचे चलान कुणाचे, हा वाद मग उरत नाही.

‘डीलर सगळे बघतो’ हा आक्षेप नेहमी येतो. काही डीलर खरेच नीट काम करतात. पण अनेकदा गाडी मूळ मालकाच्याच नावावर राहते आणि त्याने सही केलेल्या कोऱ्या फॉर्मवर तीन-चार हात फिरते. १ एप्रिल २०२३पासून केंद्राच्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते, आणि मालकाने गाडी त्याच्याकडे दिल्याची ऑनलाइन नोंद झाली की तोच तिचा मालक मानला जातो. ते अधिकारपत्र आणि ती नोंद दाखवा म्हणावे. ती नसेल, तर मूळ मालकाशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरा आक्षेप ओळखीचा. विकणारा नात्यातला, ऑफिसातला, मग एवढा संशय कशाला? ही तपासणी विकणाऱ्यालाही वाचवते. २०१८च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा स्पष्ट केला. त्या प्रकरणातली गाडी अपघातापूर्वीच विकली गेली होती, तिथून पुढे आणखी हातांत गेली होती, पण नोंद बदललेली नव्हती. नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या पहिल्या मालकावर आली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५०नुसार एकाच राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. चुलतभावाला गाडी देताना हे करणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास नव्हे. उद्या त्याच्या हातून अपघात झाला, तर आपल्या नावाने नोटीस येऊ नये, एवढीच ती तजवीज आहे. एवढी तपासणी करायला एक संध्याकाळ, बँकेची एक फेरी आणि चेसिस प्रिंटपुरती पेन्सिल लागते. तेवढा वेळही द्यायला विकणारा तयार नसेल आणि ‘दुसरे गिऱ्हाईक उद्या येतेय’ म्हणून आजच पैसे मागत असेल, तर गाडी त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाऊ द्यावी.