दोन चमचे रक्ताचा हिशेब

समजा, ठाण्याच्या टेंभी नाक्यावर दुकान असलेले 58 वर्षांचे एक काका आहेत. हल्ली स्टेशनचा जिना चढताना त्यांना मध्येच थांबावं लागतं. पोट दुखत नाही, भूक बरी आहे, शौचातून रक्त गेल्याचं त्यांनी कधी पाहिलेलं नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8. हे रक्त गेलं कुठे?

यातलं नवल लोहाच्या जमाखर्चात आहे. आपल्या शरीरात सगळं मिळून जेमतेम 3 ते 4 ग्रॅम लोह असतं, आणि नको असलेलं लोह बाहेर टाकायची कोणतीही खास यंत्रणा शरीराकडे नाही. लघवीवाटे ते जवळजवळ जात नाही. झडणाऱ्या पेशींबरोबर रोज साधारण 1 मिलिग्रॅम जातं आणि आतडं अन्नातून तेवढंच शोषून घेतं. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यांतलं लोह नव्या पेशींसाठी पुन्हा वापरलं जातं. इतका हा व्यवहार काटेकोर.

आता काकांच्या आतड्यात कुठेतरी रोज 10 मिलिलीटर, म्हणजे दोन चमचे रक्त झिरपतंय असं धरू. एक मिलिलीटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे रोज 5 मिलिग्रॅम जादा गेलं. लोह कमी पडतंय हे कळल्यावर आतडं शोषण वाढवतं, पण तरीही रोज 3 मिलिग्रॅमची तूट राहिली असं समजा. यकृत आणि अस्थिमज्जेत 900 मिलिग्रॅम साठा असेल, तर तो 300 दिवसांत संपतो. या दहा महिन्यांत हिमोग्लोबिन जवळपास जागचं हलत नाही. साठा संपल्यावरच ते उतरू लागतं, तेही इतकं हळू की हृदय आणि फुप्फुसं त्याच्याशी जुळवून घेतात. माणूस म्हणतो, वय झालं.

दोन चमचे रक्त दिसत कसं नाही? जठरात 50 ते 100 मिलिलीटर रक्त सांडलं तर शौच काळंकुट्ट, चिकट होतं. त्याहून कमी असेल तर रक्त वाटेतच पचतं, मिसळतं, आणि शौचाचा रंग नेहमीसारखाच राहतो. मोठ्या आतड्याचा उजवा भाग तर फार फसवा. तिथे पोकळी रुंद आणि मळ पातळ असतो, त्यामुळे गाठ वाढली तरी वाट अडत नाही. कित्येकदा अशा गाठीची पहिली खूण पंडुरोग हीच असते. जठरातल्या व्रणाचंही तसंच. गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या किंवा हेलिकोबॅक्टर जंतू यांमुळे झालेला व्रण न दुखताही झिरपत राहू शकतो.

मूळव्याधीचं रक्त मात्र लालभडक आणि डोळ्यांना दिसणारं. ते खूप दिवस जात राहिलं तर हिमोग्लोबिन उतरूही शकतं. पण ‘मूळव्याध आहे, त्यामुळेच असेल’ हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं. मूळव्याध आणि आतड्यातली गाठ एकाच माणसाला असू शकतात. वरचं आतडं पाहिल्याशिवाय सगळा दोष मूळव्याधीवर टाकता येत नाही.

मग शोध कसा घ्यायचा? आधी खरोखर लोहच कमी आहे ना, ते पाहायचं. काकांच्या तांबड्या पेशी आकाराने लहान निघाल्या, पण तशा त्या थॅलेसेमियाच्या वाहकातही असतात, आणि जवळच्या उल्हासनगरच्या सिंधी समाजात असे वाहक बरेच आहेत. फेरिटिन ही रक्ततपासणी तो घोळ मिटवते. ते 15 च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपलेला आहे. मात्र शरीरात कुठे दाह असला तर फेरिटिन खोटं वर दिसू शकतं.

काकांचं 6 आलं. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत असं आढळलं की दुर्बिणीच्या दोन तपासण्या करतात. तोंडावाटे जठराची, त्यात सिलिअ‍ॅक रोगासाठी लहान आतड्याचा तुकडाही घेता येतो, आणि गुदमार्गे संपूर्ण मोठ्या आतड्याची. शौचातलं लपलेलं रक्त शोधणारी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून या तपासण्या टाळू नयेत, कारण रक्त रोज झिरपतंच असं नाही. पाळी चालू असलेल्या बाईत जास्त रक्तस्राव हेच कारण बहुधा निघतं, तरी वय आणि लक्षणं पाहून डॉक्टर ठरवतात.

लोहाच्या गोळ्यांनी महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण दोनने वाढतं आणि दम लागणं कमी होतं. इथेच बरेच जण थांबतात. पण गोळीने तूट भरते, गळती बंद होत नाही. शिवाय गोळ्यांनी शौच काळं होतं, म्हणून मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीआधी साधारण आठवडाभर त्या बंद ठेवायला सांगतात.

पन्नाशीपुढच्या घरच्या माणसाचं हिमोग्लोबिन कमी आलं, तर डॉक्टरांना ‘लोह कमी का झालं?’ असं जरूर विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत नुसत्या गोळ्यांवर समाधान मानू नका.