लाइव्हवरची साडीविक्री

लाइव्ह साडीविक्रीत विक्रेती मोबाइल स्टँडवर लावून एकेक साडी उलगडते आणि प्रेक्षक कॉमेंट करून ती मागतात. फेसबुकने लाइव्ह शॉपिंगची खास सोय १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद केली. साधे लाइव्ह मात्र चालू राहिले. त्यावर नुसती साडी दिसते. मागणी, पैसे आणि पाठवणी व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय आणि कुरिअरवर सांभाळावी लागते.

समजा, २७ क्रमांकाची चिठ्ठी लावलेली सेमी पैठणी १,४५० रुपयांना दाखवली जात आहे. विक्रेती आधी क्रमांक आणि भाव सांगते, मग काठ, पदर, बुट्टे आणि ब्लाउज पीस कॅमेऱ्याजवळ धरते. पदराची उलटी बाजूही दाखवायला हवी. हातमागाच्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे बहुधा मोकळे किंवा कापलेले धागे असतात. रंगाचा प्रश्न जास्त अवघड. पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी रंग हिरवट दिसतो आणि कॅमेरा आपोआप उजेड बदलतो. म्हणून दिवसाच्या उजेडातला फोटो मागून घेणे चांगले.

२७ क्रमांकाची एकच साडी असेल, तर ती कोणाची यावर वाद होतो. लाइव्हचे चित्र प्रेक्षकापर्यंत काही सेकंद उशिरा पोचते. त्यामुळे दोघींनी एकदमच ‘बुक’ लिहिले असे दोघींनाही वाटते. विक्रेतीच्या स्क्रीनवर आधी आलेली कॉमेंट धरायची आणि ठरलेल्या वेळेत पैसे आले नाहीत तर साडी पुढच्या ग्राहकाला द्यायची, हा नियम सुरुवातीलाच सांगितला की तंटा टळतो.

गिऱ्हाईक साडीचा स्क्रीनशॉट, पत्ता आणि पिनकोड पाठवते. विक्रेती कुरिअर खर्च धरून एकूण रक्कम कळवते. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट बनावट असू शकतो, म्हणून रक्कम स्वतःच्या खात्यात जमा झालेली पाहूनच पार्सल निघावे. परतावा देतो म्हणून कोणी यूपीआय पिन टाकायला सांगितले, तर ती फसवणूक असते. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही.

बहुतेक विक्रेते पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ मागतात. त्यात बंद पाकीट, पत्ता आणि नंतर पूर्ण उलगडलेली साडी दिसली, तर डाग किंवा फाटका भाग आधीपासूनचा होता हे दाखवता येते. नुसती आवड बदलली, तर विक्रेत्याचा आधी सांगितलेला नियम चालतो. सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल मात्र ‘नो रिटर्न’ म्हणून नाकारता येत नाही. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांत तशी तरतूद आहे. विक्रेत्याने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तेव्हा साडीचा क्रमांक, पैसे भरल्याची नोंद आणि पार्सलचा व्हिडिओ हाच पुरावा ठरतो.