पेटी नोंदवायची कुठे?

देवगडच्या एका आंबा बागायतदाराने मार्च महिन्यात मला एक ईमेल वाचायला दिली. गेल्या दोन हंगामांत ज्यांनी पेटी घेतली, अशा बाराशे जणांना ती जायची होती. विषयाची ओळ होती : ‘धमाका ऑफर!!! १००% नैसर्गिक, खात्रीशीर आंबे, आजच खरेदी करा, संधी सोडू नका!!!’

अशी मेल तपासताना मी ती आधी स्वतःच्या मोबाइलवर मागवून घेतो, कारण गिऱ्हाईकही बहुधा तिथेच बघणार. न उघडता तीनच गोष्टी दिसतात. पाठवणाऱ्याचं नाव, विषयाची पहिली तीस-पस्तीस अक्षरं आणि त्याखाली मजकुराची सुरुवात. या मेलमध्ये नावाच्या जागी नुसतं ‘info’ होतं. विषय ‘नैसर्गिक’पाशी तुटत होता. खाली ओळ होती, ‘मेल नीट दिसत नसल्यास येथे क्लिक करा’. देवगड नाही, हापूस नाही, बागेचं नावही नाही. ज्याने गेल्या वर्षी याच बागेचा आंबा आवडीने खाल्ला, त्यालाही ही मेल कुणाची ते कळलं नसतं.

बागायतदाराला काळजी होती ती ‘ऑफर’ या शब्दाची. तो शब्द आला की मेल स्पॅममध्ये जाते, असं त्याने ऐकलं होतं. पूर्वीचे गाळणीचे प्रोग्राम अशा शब्दांना गुण देत आणि बेरीज ठरावीक आकड्यापलीकडे गेली की मेल बाजूला काढत. आज एका शब्दाने सहसा काही बिघडत नाही. पाठवणाऱ्याची पत आणि लोकांची वागणूक जास्त मोजली जाते. किती जणांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं, याला मोठं वजन आहे. जीमेलचं पाठवणाऱ्यांना सांगणं आहे की हे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ देऊ नका. म्हणजे हजारामागे तीन माणसं. उद्गारचिन्हांची रांग वाईट ती याचसाठी. ती वाचून माणसाला ओळखीच्या बागेऐवजी फसव्या जाहिरातींची आठवण होते आणि बोट त्या बटणाकडे जातं.

म्हणून नुसते शब्द गाळले नाहीत, त्यांच्या जागी माहिती घातली. ‘१००% नैसर्गिक’ म्हणजे नेमकं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, “आम्ही पेंढ्यात आढी घालून पिकवतो, कार्बाइड वापरत नाही.” मग हेच लिहायचं! ‘संधी सोडू नका’ या वाक्यामागेही एक खरी गोष्ट होती. पहिल्या तोडीच्या साठच पेट्या निघणार होत्या. नवा विषय असा झाला : ‘देवगड हापूस : पहिली तोड १२ एप्रिलला’. त्याखालची ओळ : ‘आढीत पिकवलेला, पाच डझनांची पेटी, एकूण साठ पेट्या’. पाठवणाऱ्याच्या जागी बागेचं नाव आलं.

मग मेल उघडली. वर मोठं चित्र आणि भाव त्या चित्रातच लिहिलेला. फोनमध्ये चित्रं बंद केली तर भाव गायब. पुढे आजोबांनी लावलेल्या कलमांची हकीकत चार परिच्छेद चालली होती. नंतर फेसबुक, यूट्यूब, बागेची सहल, लोणच्याची यादी असे सहा दुवे होते. पेटी नोंदवायचा दुवा सर्वांत शेवटी, ‘येथे क्लिक करा’ एवढ्याच शब्दांत. तिथे पोचायला मला तीनदा पडदा वर सरकवावा लागला. आजोबांची हकीकत सुंदर होती, पण तिने दार अडवलं होतं.

आम्ही भाव, तोडीची तारीख आणि घरपोच मिळण्याचा दिवस साध्या अक्षरांत वर घेतला. लगेच खाली अंगठ्याने सहज दाबता येईल असं एकच बटण ठेवलं : ‘माझी पेटी नोंदवा’. हकीकत दोन वाक्यांत बटणाखाली गेली, ज्याला वाचायची तो वाचेल. सहल आणि लोणची पुढच्या मेलसाठी ठेवली. शेवटी, स्पष्ट दिसेल असा, ‘या मेल नकोत’ हा दुवा. तो लपवला की वैतागलेला माणूस स्पॅमचं बटण दाबतो.

एक गोष्ट मात्र शब्दांनी सुधारत नाही. बागायतदाराकडे एका प्रदर्शनातून मिळालेले आणखी आठशे पत्ते होते. त्या लोकांना कुणी विचारलेलंच नव्हतं. ते पत्ते वापरू नका, असं मी सांगितलं, कारण अनोळखी माणसांच्या तक्रारींनी ओळखीच्या गिऱ्हाइकांची वाटही बंद होते.

शेवटची तपासणी त्याच्या घरातच झाली. त्याच्या वहिनींसमोर फोन पाच सेकंद धरला आणि विचारलं, मेल कुणाची, कशाबद्दल, करायचं काय? जुन्या मेलला त्या म्हणाल्या होत्या, “कसलीतरी जाहिरात.” या वेळी म्हणाल्या, “आपली पेटी. बारा तारखेच्या आत नोंदवायची.”