काचेच्या कोपऱ्यातली येरझार

फिशटँकमधला मासा पुष्कळदा सगळी टाकी मोकळी सोडून एकाच कोपऱ्यात पोहत राहतो. तोंड काचेला लागलेले असते, अंग तिरके असते. काचेलगत वर जायचे, पृष्ठभागाशी वळायचे, खाली यायचे आणि पुन्हा वर. मासे पाळणारे याला ‘ग्लास सर्फिंग’ म्हणतात. नवी टाकी आणलेल्या घरात पहिले काही दिवस हे दिसले तर त्यात विशेष काही नाही, मासा जागेचा अंदाज घेत असतो. पण आठवडा उलटला आणि येरझार त्याच कोपऱ्यात, त्याच मार्गाने चालूच राहिली, तर त्यामागे काहीतरी कारण असते. ते शोधायला कोपरा मदत करतो, कारण टाकीचे चारही कोपरे माशाच्या दृष्टीने सारखे नसतात.

काच हा अडथळा माशाला कळत नाही असे नाही. त्याच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत पार्श्वरेषा नावाचे संवेदी इंद्रिय असते. जवळच्या पाण्यातली हालचाल आणि दाबातला सूक्ष्म फरक ते टिपते. मासा भिंतीजवळून जाताना त्याने ढकललेले पाणी वेगळ्या रीतीने वाहते, आणि तेवढ्यावरून त्याला भिंतीचा पत्ता लागतो. मेक्सिकोतल्या गुहांमधले आंधळे मासे याच आधारावर खडकांना न धडकता पोहतात. फिशटँकमधल्या माशाची पंचाईत वेगळीच असते. पार्श्वरेषा सांगते की समोर भिंत आहे, डोळे सांगतात की समोर मोकळी जागा आहे. नदी-तलावात पारदर्शक भिंत नसते, त्यामुळे हा विरोध सोडवायची तयारी माशाजवळ उपजत नाही.

काचेपलीकडच्या एखाद्या गोष्टीकडे जाऊ पाहणारा मासा काचेला तिरका टेकतो आणि रेटा देत तिच्यालगत सरकत जातो. सरकता सरकता दुसरी काच आडवी येते. मागे फिरून वळसा घालणे त्याला सुचत नाही, कारण हवी असलेली वस्तू डोळ्यांसमोर असते. पुढे वाट नसते, तेव्हा उरते ते वर आणि खाली. सरळ काचेवर विखुरलेली धडपड कोपऱ्यात गोळा होते ती अशी. म्हणून कोपऱ्यात नुसते पाहण्यापेक्षा त्या कोपऱ्याच्या बाहेर, रेषेत काय आहे ते आधी पाहावे.

बाहेरची गोष्ट किती लांबूनही माशाला ओढू शकते याचे एक उदाहरण प्राणिवर्तनशास्त्रात प्रसिद्ध आहे. निको टिनबर्गन नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात काटेरी पाठीच्या स्टिकलबॅक माशांवर काम करत होते. विणीच्या काळात या माशातल्या नराचे पोट लाल होते आणि दुसरा लाल पोटाचा नर दिसला की तो त्याच्यावर धावून जातो. टिनबर्गन यांच्या टाक्या खिडकीशी होत्या. रस्त्यावरून टपाल खात्याची लाल गाडी गेली की नर खिडकीच्या बाजूच्या काचेवर धाव घेत आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत काचेलगत तिचा पाठलाग करत. टिनबर्गन यांना पुढे १९७३ साली कोनराड लोरेंझ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. दिवाणखान्यातल्या टाकीबाहेर लाल गाडी नसते, पण हलता पडदा, टीव्ही, शेजारी ठेवलेली दुसरी टाकी असते.

कधी कधी ओढणारी गोष्ट बाहेर नसतेच. काचेत दिसणारे प्रतिबिंब हे ‘फायटर’ आणि सिक्लिड जातीच्या माशांच्या येरझारीचे नेहमीचे कारण आहे. पाणी आणि काच यांच्या सीमेवर प्रकाश फारसा परावर्तित होत नाही, काच आणि बाहेरची हवा यांच्या सीमेवर मात्र सरळ पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग परत फिरतो. दिवसा बाहेरच्या उजेडात हे ४ टक्के बुडून जातात. रात्री खोलीत अंधार आणि टाकीवरचा दिवा चालू असला, की आगगाडीच्या डब्यातल्या खिडकीत आपलाच चेहरा दिसावा तसे होते. त्यात भर अशी की मासा काचेकडे बराच तिरका पाहत असेल, लंबापासून सुमारे ४९ अंशांहून अधिक, तर बाहेरचे काहीच दिसत नाही आणि काच त्याच्यापुरती पूर्ण आरसा बनते. काचेलगत पोहणाऱ्या माशाला पुढच्या बाजूला सतत आपल्याच जातीचा एक मासा बरोबरीने पोहताना दिसतो, तो यामुळे.

प्रतिबिंब हे कारण असेल तर ओळखणे सोपे असते. फायटर कल्ल्यांची झाकणे फुलवतो, पर ताणतो, काचेला आडवा होऊन आपली पूर्ण लांबी दाखवतो. येरझार दिवे लागणीनंतर सुरू होते आणि टाकीचा दिवा बंद केला की थांबते. यावर काळा कागद लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मात्र तपासून घ्यावा. कागद नुसता टेकवला तर काच आणि कागद यांमध्ये हवेचा थर राहतो आणि परावर्तन होतेच. वर पार्श्वभूमी काळी झाल्याने प्रतिबिंब अधिकच उठून दिसते. त्यापेक्षा फिक्या रंगाचा, चमक नसलेला कागद बरा. खोलीतला दिवा चालू ठेवणे किंवा त्या काचेलगत आतून वनस्पतींची दाटी करणे हे उपायही चालतात.

आता एक नमुना घेऊ. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच अशी टाकी आहे. हिशेबाने तीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास असते. टाकी महिन्याभरापूर्वी भरलेली, आत ३ गोल्डफिश. तिघेही पुढच्या उजव्या कोपऱ्यात वर-खाली करत असतात.

पहिली शंका पाण्याची घ्यायला हवी, कारण जीव धोक्यात येतो तो तिथेच. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. महिन्याची टाकी म्हणजे अजून कच्ची टाकी. अमोनियामुळे कल्ल्यांना इजा होते आणि मासा सुटकेची वाट शोधल्यासारखा काचेलगत फिरू लागतो. पण त्याच्या जोडीला इतर खुणा असतात: कल्ल्यांची भरभर उघडझाप, लालसर कल्ले, अंगाशी आवळलेले पर, पृष्ठभागाशी हवा गिळणे. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत. नसतील तर चतुर्थांश पाणी बदलायचे, नव्या नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालायचे आणि खाणे कमी करायचे. प्राणवायूचेही तसेच. २० अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा असल्याने एप्रिल-मेमध्ये त्याला हे दुहेरी जाचते. मात्र हवा कमी पडलेले मासे कोपऱ्यात येरझारा घालण्यापेक्षा वर येऊन तोंड उघडे ठेवतात.

समजा, पाणी चांगले निघाले. दुसरी शंका प्रवाहाची. फिल्टरमधून पडणारे पाणी काचेलगत वाहत जाऊन समोरच्या कोपऱ्यात वळते आणि प्रवाहाला तोंड देऊन पोहणे हा माशांचा स्वभाव आहे. फिल्टर १० मिनिटे बंद ठेवून पाहावे. मासे तरीही कोपरा सोडत नसतील तर प्रवाह हे कारण नाही.

मग वेळ पाहायची. मोबाइल समोर लावून, खोलीत कोणी नसताना अर्धा तास चित्रण केले तर दिसते की मासे टाकीभर सैल हिंडत आहेत. दार उघडून माणूस आत आला की तिघेही उजवा कोपरा गाठतात. खाणे रोज तिथेच पडते, आणि दारही त्याच बाजूला आहे. गोल्डफिशची स्मरणशक्ती काही सेकंदांची असते हा समज निराधार आहे. खाण्याची जागा आणि वेळ दोन्ही तो शिकतो. ही खात्री करून घ्यायची असेल तर खाणे डाव्या मागच्या कोपऱ्यात टाकायला सुरुवात करावी, दुसरे काहीही बदलू नये. थोड्याच दिवसांत गर्दी तिकडे सरकली तर निदान बरोबर. यात आजार कुठलाच नाही. उलट धोका माणसाकडून आहे: मासे ‘मागतात’ म्हणून दर वेळी चिमूटभर टाकले की येरझार आणखी पक्की होते आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया वाढतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, एवढे पथ्य महत्त्वाचे. पाणी, जागा, दिवा आणि कागद सगळे एकाच दिवशी बदलले तर येरझार थांबली तरी कशाने थांबली ते कळत नाही.

सगळ्यात अवघड प्रकार आहे तो जागेच्या टंचाईचा. दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारा २-३ इंचांचा रुपेरी मासा मुळात शार्क नव्हेच. तो आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांमधला मार्जारमासा असून हॉटेलांत ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुधा हाच. पूर्ण वाढला तर त्याची लांबी मीटरभराच्या पुढे जाते. तो कळपाने राहतो आणि विणीसाठी नदीतून लांबचा प्रवास करतो. अशा माशाला २ फुटी टाकीत ठेवले की शेपटीच्या दोन-चार फटकाऱ्यांत काच येते. तो दिवसभर काचेवर आपटत, कोपऱ्यात वळत राहतो. नाकाड्यावर पांढरे किंवा लाल ओरखडे उठतात, दचकला तर जोराने धडकून जखमही होते. प्राणिसंग्रहालयातला वाघ जाळीलगत ठरावीक वाटेने फेऱ्या मारतो, तोच हा प्रकार: हालचाल ठरावीक, वारंवार आणि वरवर पाहता निरुद्देश. खाण्याची ओढ आणि हा प्रकार यांतला फरक वेळेवरून कळतो. खाण्यासाठीची येरझार माणूस दिसल्यावर सुरू होते आणि पोट भरल्यावर ओसरते. ही मात्र कोणी असो-नसो चालूच राहते, पुष्कळदा खाणे समोर पडले तरी.

इथे कागद, दिवा, फिल्टर यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही. लांब टाकी, लपायला आडोसे आणि बरोबर जातभाई हाच उपाय, आणि या माशाच्या बाबतीत सामान्य घरात तोही अपुरा पडतो. शिवाय फेऱ्या दीर्घकाळ चालल्या तर त्या सवय बनतात, आणि मोठ्या टाकीत हलवल्यावरही मासा काही काळ एका कोपऱ्यात जुन्या टाकीच्या मापाच्या फेऱ्या घेत राहू शकतो. असा मासा मोठी टाकी असलेल्या पाळणाऱ्याला द्यावा किंवा दुकानदाराला परत करावा. जवळच्या तलावात किंवा नदीत तो सोडू नये, कारण परदेशी जातीचा हा भक्कम मासा तिथल्या माशांचे खाद्य आणि जागा बळकावू शकतो आणि टाकीतले रोगही बरोबर नेतो.