विपणन संशोधन प्रक्रिया : प्राथमिक व दुय्यम माहिती

विपणन संशोधन म्हणजे विपणनविषयक एखाद्या निश्चित निर्णयासाठी माहितीचे पद्धतशीर संकलन व विश्लेषण करणे होय. समस्येची निश्चिती, संशोधन आराखडा, माहितीचे संकलन, विश्लेषण आणि अहवाल हे या प्रक्रियेचे टप्पे मानले जातात.

संशोधकाने हाती असलेल्या समस्येसाठी स्वतः वा आपल्या वतीने नव्याने गोळा केलेली माहिती 'प्राथमिक', तर अन्य हेतूने आधीच गोळा झालेली माहिती 'दुय्यम' ठरते. म्हणजेच भेद माहितीच्या स्वरूपात नसून हेतूत आहे. २०११ च्या जनगणनेची आकडेवारी जनगणना कार्यालयाच्या दृष्टीने प्राथमिक, परंतु तीच वापरणाऱ्या उत्पादकासाठी दुय्यम असते.

==उदाहरण==
समजा, पुण्यातील एका मसाला उत्पादकाची नाशिकमधील विक्री घटली आहे. 'विक्री का घटली?' हा प्रश्न संशोधनासाठी फार व्यापक आहे. उत्पादक प्रथम स्वतःची विक्री बिले तपासतो. घट केवळ ५०० ग्रॅमच्या पाकिटांत असून ५० ग्रॅमच्या पुड्यांची विक्री स्थिर असल्याचे त्यांतून दिसते. त्यामुळे प्रश्न नेमका होतो: मोठे पाकीट घेणारी कुटुंबे आता मसाला कोठून घेतात?

यानंतर शासकीय आकडेवारी पाहिली जाते. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणातून महाराष्ट्राच्या शहरी भागाचा खर्च कळतो, एकट्या नाशिकचा नाही. जनगणनेतून नाशिकमधील कुटुंबसंख्या मिळते, पण ती २०११ ची. स्वस्त व तत्काळ मिळणाऱ्या दुय्यम माहितीची मर्यादा येथे स्पष्ट होते आणि कुटुंबांच्या सर्वेक्षणाची गरज निर्माण होते. यादृच्छिक पद्धतीने निवडलेली सुमारे ३८५ कुटुंबे घेतल्यास ९५ टक्के विश्वासपातळीवर टक्केवारीतील नमुनात्रुटी ५ अंकांच्या आत राहते. मात्र हा मसाला विकत घेणाऱ्यांनाच दुकानात गाठून प्रश्न विचारले, तर खरेदी थांबवलेली कुटुंबे नमुन्यात येतच नाहीत आणि उत्तरे फसवी समाधानकारक येतात. नमुना मोठा केल्याने हा दोष जात नाही. उत्तरदात्यांत जुने, आता न येणारे ग्राहक किती, हे मोजल्यास तो उघड होतो.

==परीक्षेतील प्रश्न==
वाणिज्य शाखेच्या परीक्षांत 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाच्या उत्तरात खर्च, वेळ व अचूकता हे मुद्दे मांडले जातात, पण हेतूचा मूळ मुद्दा अनेकदा राहून जातो. कंपनीच्या स्वतःच्या विक्री नोंदींना प्राथमिक म्हणणे ही नेहमीची चूक आहे. त्या हिशेबासाठी ठेवलेल्या असल्याने संशोधनात त्या अंतर्गत दुय्यम माहिती ठरतात. 'प्राथमिक' या शब्दामुळे ती आधी गोळा करतात असाही समज होतो. प्रत्यक्षात वरील उदाहरणाप्रमाणे दुय्यम माहितीचा शोध सहसा आधी घेतला जातो. याच उत्पादकाने पुढील वर्षी पापडांविषयीच्या निर्णयासाठी मसाल्याचे सर्वेक्षण वापरले, तर तेव्हा तेही दुय्यम होईल.