वीस रुपयांवरचा बाक

अमेरिकेत १९०१ साली रेल्वेच्या पोलादी रुळांचा भाव टनाला २८ डॉलर ठरला आणि १९१६ पर्यंत तो तसाच राहिला. मधल्या काळात १९०७ ची आर्थिक घबराट येऊन गेली, रुळांची मागणी कधी चढली कधी उतरली. भाव मात्र जागचा हलला नाही. शाळेत शिकवलेला मागणी-पुरवठ्याचा नियम इथे कुठे गेला, असा प्रश्न पडतो. गव्हाचा भाव रोज हलतो, मग रुळांचा का हलू नये?

उघड फरक असा, की गहू पिकवणारे लाखो असतात आणि रूळ करणारे मोजके. अशा मोजक्या विक्रेत्यांच्या बाजाराला अर्थशास्त्रात अल्पाधिकार म्हणतात. मक्तेदार फक्त गिऱ्हाइकाकडे पाहतो; अल्पाधिकारातला विक्रेता गिऱ्हाइकाकडे एका डोळ्याने आणि शेजारच्या दुकानाकडे दुसऱ्या डोळ्याने पाहत असतो. मी किंमत बदलली तर तो काय करेल, हे गणितात धरल्याशिवाय त्याला पाऊल टाकता येत नाही.

१९३९ साली या प्रश्नाचे जवळपास एकच उत्तर दोन ठिकाणी छापून आले. अमेरिकेत पॉल स्वीझी यांनी ते मांडले (पुढे ‘मंथली रिव्ह्यू’ काढणारे मार्क्सवादी स्वीझी ते हेच), आणि ऑक्सफर्डमध्ये हॉल आणि हिच या जोडीने. त्यांचे गृहीत साधे आहे. मी किंमत वाढवली तर प्रतिस्पर्धी गप्प बसतील, कारण माझी गिऱ्हाइके आयतीच त्यांच्याकडे जातील. मी किंमत उतरवली तर मात्र तेही लगोलग उतरवतील, कारण त्यांना आपली गिऱ्हाइके सोडायची नसतात. म्हणजे वर जाताना मी एकटा आणि खाली येताना सगळे सोबत. त्यामुळे माझा मागणी वक्र आजच्या किंमतीपाशी वाकतो. बाकाच्या वर तो पसरट असतो, बाकाच्या खाली उभट.

इथवर बहुतेकांना पटते. अडते ते पुढच्या पायरीला, सीमांत प्राप्तीच्या वक्रात पडणाऱ्या खिंडारापाशी. पाठ्यपुस्तकांत तिथे एक तुटकी रेघ काढलेली असते, आणि ती का तुटली हे विद्यार्थी पाठ करतो. मीही बरीच वर्षे पाठच केले होते. आकडे घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला.

समजा एक साबण उत्पादक २० रुपयांना रोज १०० वड्या विकतो. किंमत २१ केली तर प्रतिस्पर्धी हलत नाहीत आणि विक्री ७५ वर येते. म्हणजे बाकाच्या वरच्या बाजूला एका वडीच्या विक्रीमागे किंमतीत ४ पैशांचा फरक पडतो. किंमत १९ केली तर सगळेच उतरवतात, आणि त्याची विक्री जेमतेम १०८ वड्यांच्या थोडी वर जाते. म्हणजे खालच्या बाजूला एक जादा वडी खपवायला किंमत १२ पैशांनी उतरवावी लागते.

आता सीमांत प्राप्ती म्हणजे काय? शेवटच्या एका वडीने एकूण गल्ल्यात घातलेली भर. ती वडी विकली की तिचे २० रुपये येतात, पण ती खपावी म्हणून बाकीच्या १०० वड्यांचीही किंमत थोडी उतरवलेली असते, तेवढी वजा करावी लागते. वरच्या बाजूचा हिशेब लावला तर वजावट १०० गुणिले ४ पैसे, म्हणजे ४ रुपये, उरले १६. खालच्या बाजूचा लावला तर वजावट १०० गुणिले १२ पैसे, म्हणजे १२ रुपये, उरले ८. वडी तीच, किंमत तीच, आणि सीमांत प्राप्ती एका बाजूने १६, दुसऱ्या बाजूने ८. मधल्या आकड्यांवर वक्र जातच नाही. तो १६ वरून थेट ८ वर कोसळतो. खिंडार म्हणतात ते हेच. त्याची उंची दोन उतारांतल्या फरकाला विक्रीने गुणून येते. प्रतिस्पर्धी वर-खाली सारखेच वागले असते तर बाक नसता आणि खिंडारही नसते.

किंमत ताठर का राहते, याचे उत्तर या खिंडारातच आहे. नफा सर्वांत जास्त कुठे, तर सीमांत खर्च जिथे सीमांत प्राप्तीला भेटतो तिथे. वडीचा खर्च १२ रुपये धरला तर २० ला विकून नफा ८०० रुपये. २१ ला विकले तर ७५ वड्यांवर ९ रुपयांप्रमाणे ६७५. १९ ला विकले तर साधारण ७५८. उद्या तेल महागले आणि खर्च १५ झाला. २० ला नफा ५०० उरतो, २१ ला ४५०, १९ ला ४३३. तीन रुपयांनी खर्च वाढूनही २० च बरे. खर्च ८ ते १६ यांच्या दरम्यान कुठेही हिंडला तरी तो खिंडारातच असतो आणि किंमत हलत नाही. १७ झाला की मात्र तो खिंडाराच्या वर निघतो आणि साडेवीसला विकणे फायद्याचे ठरते: नफा ३०६, २० ला ३००. हा फरक सहा रुपयांचाच आहे. त्यासाठी शेजाऱ्याला डिवचायचे की नाही, हा प्रश्न प्रत्यक्षात उरतोच.

चित्र इतके देखणे आहे, की त्यावर विश्वास ठेवण्याचा मोह होतो. १९४७ साली जॉर्ज स्टिगलर यांनी एक सरळ प्रश्न विचारला: किंमत वाढवणारा खरेच एकटा पडतो का? त्यांनी सिगारेट, मोटारी, पोलाद अशा सात उद्योगांच्या नोंदी तपासल्या. सिगारेटचे उदाहरण बोलके आहे. १९३१ च्या जूनमध्ये, ऐन मंदीत, रेनॉल्ड्स कंपनीने कॅमलचा भाव हजारी ६.४० डॉलरवरून ६.८५ केला. सिद्धांताप्रमाणे इतरांनी गप्प बसून कॅमलची गिऱ्हाइके गोळा करायला हवी होती. झाले उलटेच. लकी स्ट्राइक आणि चेस्टरफील्ड यांनीही तोच भाव लावला. फटका बसला तो बाहेरून, दहा सेंटांच्या स्वस्त पाकिटांकडून, आणि १९३३ मध्ये बड्यांना भाव उतरवावे लागले. १९४६ साली सर्वोच्च न्यायालयाने या बड्या कंपन्यांना संगनमताचे दोषी ठरवले, हेही इथे लक्षात घ्यावे.

रुळांच्या २८ डॉलरकडेही मग वेगळ्या नजरेने पाहावे लागते. यू. एस. स्टीलचे एल्बर्ट गॅरी १९०७ पासून काही वर्षे प्रतिस्पर्धी कारखानदारांना जेवायला बोलावत. भाव सांभाळण्याची बोलणी तिथे होत. असे जेवण झडत असेल तर बाक मानण्याची गरज उरत नाही. नुसती न हलणारी किंमत पाहून ती भीतीने थांबली की समझोत्याने, हे ओळखता येत नाही. एकाने भाव वाढवल्यावर पुढच्या आठवड्यात इतरांनी काय केले, ते पाहावे लागते. आणि कर किंवा कच्च्या मालाची महागाई सगळ्यांवर एकदमच आली, तर प्रत्येकाला ठाऊक असते की बाकीचेही वाढवणार. तेव्हा बाक विरतो आणि भाव एकत्र चढतात.

दुसरी उणीव मला जास्त मोठी वाटते. आपल्या उदाहरणातले २० रुपये आले कुठून? बाकाचा वक्र ते सांगत नाही. तो आजच्या किंमतीपासून सुरू होतो आणि ती का टिकते एवढेच सांगतो. स्वीझींच्या मांडणीत ती किंमत दिलेलीच आहे. हॉल आणि हिच यांनी मात्र ३८ उद्योजकांना गाठून भाव कसा ठरवता ते विचारले होते. बहुतेकांना सीमांत प्राप्ती ठाऊक नव्हती. मजुरी आणि माल यांचा खर्च, त्यावर कारखान्याचा वरखर्च, त्यावर रास्त वाटेल तेवढा नफा, अशी बेरीज ते करत. वीस रुपये असे येतात. बाक त्यांना नंतर धरून ठेवतो.